लॉक-इन कधी सुटतो, डिपॉझिट कधी मागायचे? करारातून तारखा काढताना

पत्र : मुलुंड पूर्वेला आम्ही भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवलेला आहे, पण इंग्रजीत आणि एकवीस पानांचा. १० नोव्हेंबर २०२५ पासून २४ महिने, पहिल्या वर्षी भाडे ४२,००० आणि दुसऱ्या वर्षी ४४,१००, डिपॉझिट दीड लाख, १२ महिने लॉक-इन, एक महिन्याची नोटीस. २०२६ च्या दिवाळीच्या आसपास ह्यांची पुण्याला बदली होण्याची शक्यता आहे. ब्रोकर म्हणतो, "वर्ष झालं की निघा." मालक म्हणतात, "वर्ष झाल्यावर नोटीस द्या." डिपॉझिटबद्दल तर करारात दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात. फोनमध्ये नेमक्या कोणत्या तारखा टाकून ठेवू? संबंधित पानांचे फोटो सोबत आहेत.
– एक भाडेकरू, मुलुंड पूर्व

उत्तर :

ब्रोकर आणि मालक यांच्या म्हणण्यात जो फरक आहे, त्याची किंमत तुमच्या बाबतीत एका महिन्याचे भाडे आहे. त्यामुळे फोन हातात घेण्याआधी करार घेऊन बसा, सोबत पेन्सिल आणि एक कोरा कागद. सगळी पाने वाचायची गरज नाही. मुदत, भाडे व डिपॉझिट, करार रद्द करणे, ताबा आणि शेवटचे 'इतर अटी' एवढी पाच कलमे वाचा. शेवटचे कलम सहसा कोणी वाचत नाही, आणि ब्रोकरने ऐनवेळी घातलेल्या अटी नेमक्या तिथेच सापडतात. डिपॉझिट पंधरा दिवसांत परत करण्याची तुमची अटही तिथेच आहे.

पहिले काम, सगळा हिशेब ज्या तारखेवरून करायचा ती तारीख पक्की करणे. नोंदवलेल्या करारावर निदान चार तारखा असतात : मुद्रांक शुल्क भरल्याची, सह्या झाल्याची, नोंदणी झाल्याची आणि मुदत सुरू होण्याची. पहिल्या पानावर ठळक दिसते ती बहुतेक वेळा सह्यांची किंवा नोंदणीची, आणि घाईत तीच धरली जाते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यायचा असतो, त्यामुळे राहायला आल्यानंतर काही आठवड्यांनी नोंदणी झालेले करार भरपूर दिसतात. लॉक-इन, भाडेवाढ आणि शेवट हे तिन्ही मुदतीच्या कलमातल्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजायचे. बाकी तीन तारखा यादीत घेऊच नका.

मोजताना एक दिवसाची चूक हमखास होते. १० नोव्हेंबरला सुरू झालेले १२ महिने ९ नोव्हेंबरला पुरे होतात, १० ला नाही. म्हणून लॉक-इनचा शेवटचा दिवस ९ नोव्हेंबर २०२६ आणि कराराचा शेवटचा दिवस ९ नोव्हेंबर २०२७. तुमच्या करारात शेवटची तारीख छापलेलीही आहे आणि ती या हिशेबाशी जुळते. जुळत नसती, म्हणजे महिने एक सांगतात आणि तारीख दुसरी, तर यादीत आधीची तारीख धरायची आणि मालकांकडून खरी कोणती ते लेखी घ्यायचे.

यादी गूगल शीट्समध्ये करणार असाल तर आणखी एक सापळा आहे आणि तुमची तारीख नेमकी त्यात सापडणारी आहे. करारात `10/11/2025` असे छापले आहे. शीटची मांडणी अमेरिकी असेल, तर तेच आकडे ती ११ ऑक्टोबर असे वाचते, काही तक्रार न करता, आणि पुढची प्रत्येक तारीख महिनाभर चुकते. दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असता तर निदान गडबड लक्षात आली असती. `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` भारत करून घ्या. त्याहून खात्रीचे म्हणजे तारीख सूत्रानेच लिहा. B2 मध्ये पहिली ओळ, खाली हव्या त्या चौकटीत पुढच्या दोन :

```
=DATE(2025,11,10)
=EDATE(B2,12)-1
=EDATE(B2,24)-1
```

उत्तरे ९ नोव्हेंबर २०२६ आणि ९ नोव्हेंबर २०२७ आली पाहिजेत. तारखा महिन्याच्या नावासह दिसतील असे स्वरूप निवडा, म्हणजे चूक नजरेला येते. करार ३१ तारखेला सुरू होत असेल, तर मात्र हे सूत्र लहान महिन्यांत एखाद्या दिवसाने घसरते. तिथे बोटांवर मोजलेले बरे.

आता लॉक-इन. तुमच्या रद्द करण्याच्या कलमात दोन वाक्ये आहेत. पहिल्याचा अर्थ असा, की पहिले १२ महिने मालक जागा रिकामी करायला सांगणार नाहीत आणि भाडेकरूही आपणहून जागा सोडणार नाही. दुसऱ्याचा अर्थ असा, की कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. ही दोन वाक्ये एकमेकांना कुठे जोडलेली आहेत, ते करार सांगत नाही. सगळा घोळ तिथे आहे.

एक वाचन असे : लॉक-इनमध्ये जागा सोडायला मनाई आहे, नोटीस द्यायला नाही. मग नोटीस लॉक-इन संपण्याच्या महिनाभर आधी देता येईल आणि ९ नोव्हेंबर २०२६ ला निघता येईल. तुमच्या करारातले शब्द 'सोडणार नाही' असेच आहेत, त्यामुळे हे वाचन भक्कम आहे. ब्रोकरचे म्हणणे इथपर्यंत खरे ठरू शकते, फक्त 'वर्ष झालं की निघा' यात त्याने नोटीस गिळली. दुसरे वाचन मालकांचे : नोटीस देण्याचा हक्कच लॉक-इन संपल्यावर सुरू होतो. मग पहिली नोटीस १० नोव्हेंबर २०२६ ला, आणि सुटका ९ डिसेंबरच्या पुढे. हा जादाचा महिना दुसऱ्या वर्षाच्या दराने जातो, म्हणजे ४४,१०० रुपये. 'लॉक-इन पूर्ण झाल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन' असे शब्द असते, तर मालकांचीच बाजू बळकट होती.

यावर भांडत बसण्याची वेळ ऑक्टोबरात येऊ देऊ नका. बदली अजून शक्यताच आहे, कोणाचे काही अडलेले नाही, तेव्हा आत्ताच मालकांना साधा ईमेल पाठवा. "लॉक-इनचा शेवटचा दिवस ९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि त्या दिवशी संपणारी एक महिन्याची नोटीस त्याआधी देता येईल, अशी माझी समजूत आहे. कृपया कळवावे." होय म्हणाले तर तो ईमेल जपून ठेवा. नाही म्हणाले तरी तुमचा तोटा नाही. कोणत्या तारखेवर घरखर्च बेतायचा, हे वर्षअखेरऐवजी आत्ता कळले. मालकांशी फोनवर बोलणे झाले असेल तर ते पुरेसे समजू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये लेखी परवाना करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानलेला आहे. ब्रोकरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे "बघून घेऊ" त्यापुढे टिकणार नाही.

नोटिशीचा महिना पाठवल्यापासून मोजायचा की मिळाल्यापासून? तुमच्या करारात ते लिहिलेले नाही, तेव्हा मिळाल्यापासून धरा. ९ नोव्हेंबरला निघायचे तर नोटीस मालकांच्या हाती ९ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पडलेली हवी. स्पीड पोस्टला वेळ लागतो, पत्ता बंद असला तर पाकीट परतही येते. म्हणून यादीत पाठवण्याची तारीख २८ सप्टेंबर ठेवा. करारात मालकांचा जो पत्ता छापला आहे त्यावर स्पीड पोस्ट, आणि त्याच दिवशी तेच पत्र ईमेलने. पोच आणि पावती करारासोबत ठेवा.

आता बदली आधीच आली तर. तुमच्या करारात लॉक-इन मोडल्यास उरलेल्या काळाचे भाडे भरपाई म्हणून द्यायचे आहे. समजा, ३१ ऑगस्ट २०२६ ला निघावे लागले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे ८४,०००, नोव्हेंबरच्या ९ दिवसांचे १२,६००, मिळून ९६,६०० रुपये. दीड लाखातून तेवढे वजा झाले की हाती ५३,४०० उरतात, आणि विजेचे बिल त्यातूनच. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशी भरपाई वाजवी असावी लागते, करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते. मालकांना महिन्याभरात नवा भाडेकरू मिळाला, तर पूर्ण रक्कम मागणे वाजवी आहे का, हा प्रश्न रास्त आहे. पण पैसे आधीच त्यांच्याकडे आहेत. वाद घालायचा तो कापून घेतल्यानंतर तुम्हाला घालावा लागेल, हे ध्यानात ठेवून बोलणी करा. बदली झाल्यास सूट, अशी अट तुमच्या पानांत कुठेही दिसत नाही. ती गृहीत धरू नका.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हाच लॉक-इन तुमचेही रक्षण करतो. ९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत, तुम्ही भाडे वेळेवर देत असाल तर, मालक तुम्हाला हलवू शकत नाहीत. पण भाडे थकले तर त्यांना करार रद्द करता येईल, असेही त्याच कलमात आहे. काही करारांत लॉक-इन फक्त भाडेकरूवर असतो. त्यामुळे वाक्याचा कर्ता कोण आहे ते नेहमी पाहावे.

लॉक-इन संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशी भाडे वाढते. तुमचे भाडे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचे आहे आणि वर्ष मात्र १० तारखेला उलटते. इथे पहिल्या महिन्यात काय दिले होते ते आठवा. नोव्हेंबर २०२५ चे भाडे २१ दिवसांपुरते दिले असेल, तर तुमचा हिशेब इंग्रजी महिन्याप्रमाणे चालतो. मग नोव्हेंबर २०२६ मध्ये ९ दिवस जुन्या दराने १२,६०० आणि २१ दिवस नव्या दराने ३०,८७०, एकूण ४३,४७० रुपये. डिसेंबरपासून पूर्ण ४४,१००. पहिला हप्ता पूर्ण ४२,००० चा आणि १० ते ९ असा धरून दिला असेल, तर मधला आकडा येणारच नाही, सरळ नवा दर लागू होईल. बँकेत कायमची सूचना लावली असेल तर रक्कम आपोआप बदलत नाही. दरमहा २,१०० कमी जात राहतात आणि वर्षअखेर ते डिपॉझिटमधून वळते होतात, तेही थकबाकी म्हणून.

डिपॉझिटच्या दोन कलमांकडे येऊ. एकात म्हटले आहे, की जागेचा रिकामा ताबा परत देताना देणी वजा करून रक्कम बिनव्याजी परत मिळेल. 'इतर अटी'त म्हटले आहे, की ताबा दिल्यापासून १५ दिवसांत मिळेल. कोणते खरे? नंतरचे कलम जास्त नेमके आहे, आणि मालक साहजिकच त्यावर बोट ठेवतील. यादीत दोन्ही तारखा घाला. शेवटपर्यंत राहिलात तर मागायची तारीख ९ नोव्हेंबर २०२७ आणि शेवटची मर्यादा २४ नोव्हेंबर २०२७, कारण ताबा दिल्याचा दिवस सोडून मोजायचे. लॉक-इन संपताच निघालात तर याच दोन तारखा २०२६ च्या. डिपॉझिटला स्वतःची ठरलेली तारीख नसते, ती ताबा देण्याच्या दिवसाला बांधलेली असते. म्हणून शीटमध्येही ती ताब्याच्या तारखेत १५ मिळवून काढा, हाताने लिहू नका. निघण्याचा दिवस बदलला की तीही आपोआप सरकेल.

या पंधरा दिवसांचा खरा त्रास वेगळाच असतो. मुंबई असो की पुणे, नव्या घराचे डिपॉझिट किल्ली मिळण्याआधी भरावे लागते आणि जुने किल्ली दिल्यावर येते. मधल्या काळात दीड-दोन लाख आपल्या खिशातून उभे करावे लागतात. म्हणून यादीत एक नोंद पैशांच्या सोयीचीही हवी, निघण्याच्या दोन महिने आधी. त्याच सुमारास मालकांना लेखी विचारा, की किल्ली आणि रक्कम यांची देवाणघेवाण एकाच दिवशी करायची का. बरेच मालक तयार होतात, फक्त विजेच्या शेवटच्या बिलापुरते काही हजार मागे ठेवतात. ते रास्त आहे. दीड लाख अडकण्यापेक्षा तीन हजार अडकलेले परवडतात.

आता तीन गोष्टी तपासा. डिपॉझिटच्या कलमाखाली रक्कम कशी दिली याचा तपशील असतो, धनादेश क्रमांक किंवा ऑनलाइन व्यवहाराचा क्रमांक. त्या रकमांची बेरीज दीड लाख येते का ते पाहा. घर पसंत पडल्यावर टोकन म्हणून दिलेले पैसे पुष्कळदा तिथे लिहायचे राहतात आणि दोन वर्षांनी ते कोणाला आठवत नाहीत. दुसरे, वजावटीत काय काय येते. तुमच्या करारात थकीत भाडे, वीज, गॅस आणि 'नैसर्गिक झीज सोडून झालेले नुकसान' आहे. रंगकामाचा उल्लेख नाही, म्हणजे भिंती वापराने मळल्या म्हणून रंगाचे पैसे कापणे करारात बसत नाही. खिळे ठोकून पडलेली भोके मात्र नुकसानीत धरली जाऊ शकतात. तिसरे, राहायला आलात तेव्हाचे फोटो नसतील तर या रविवारी काढा. उशिराचे फोटो अगदीच नसण्यापेक्षा बरे. न्हाणीघरातला ओलावा, फरशीचे तडे, गीझर, मीटरचा आकडा असे काढून मालकांना ईमेलने पाठवा, म्हणजे त्यांवर तारीख पडते.

शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्या, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तुमच्या करारात तशी मुभा नाही. भाडे थांबवले की तो थकबाकीचा मामला होतो आणि मालकांच्या हाती आयते कारण येते. मालक स्वतः लेखी कबूल झाले तरच तसे करा.

नूतनीकरणाची तारीख या शब्दाने बरेच जण फसतात. लिव्ह अँड लायसन्स करार आपोआप पुढे चालू राहत नाही. ९ नोव्हेंबर २०२७ ला तो संपला की संपला. त्यानंतर मालकांनी भाडे घेतले म्हणून करार नव्याने झाला, असे मानून चालू नका. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावरही राहणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तुमच्या बाबतीत ती महिन्याला ८८,२०० होते. एरवी मालक इतके ताणत नाहीत, पण संबंध बिघडल्यावर हाच आकडा पुढे येतो.

पुढे राहायचे असल्यास ६० दिवस आधी लेखी कळवावे, असे तुमच्या 'इतर अटीं'त आहे. ९ नोव्हेंबर २०२७ च्या ६० दिवस आधी म्हणजे १० सप्टेंबर, आणि २०२७ मध्ये ती तारीख ऐन गणपतीत येते. मालक गावाला, तुम्ही गावाला, पोस्टमन सुट्टीवर. म्हणून पत्राची नोंद २५ ऑगस्टला ठेवा. भाड्याची बोलणीही तेव्हाच सुरू करा, कारण हे कळवणे म्हणजे फक्त इच्छा दाखवणे आहे. पुढचे भाडे 'परस्पर संमतीने' ठरेल असे करारात आहे, म्हणजे जुना दर मागण्याचा हक्क तुम्हाला नाही.

नवा करार म्हणजे नवे मुद्रांक शुल्क आणि नवी नोंदणी. शुल्क साधारण असे निघते : संपूर्ण मुदतीचे भाडे, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमच्या चालू कराराचे आकडे घातले तर भाडे १०,३३,२०० आणि व्याज ३०,०००, त्यावर शुल्क २,६५८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० वेगळी, आणि ब्रोकरचे त्याहून वेगळे. दोन्ही बाजूंचे अंगठे आणि साक्षीदार एका दिवशी जमवणे हेच वेळखाऊ काम असते, म्हणून मसुदा १५ ऑक्टोबरपर्यंत हातात हवा. सोसायटी आणि पोलिसांना द्यायची माहितीही नव्या करारावर पुन्हा द्यावी लागेल.

त्या मसुद्यात दोन जागा डोळ्यांत तेल घालून पाहा. आधीच्या करारातले दीड लाख डिपॉझिट म्हणून पुढे चालू आहे, हे वाक्य स्पष्ट हवे. नाहीतर नव्या करारात लिहिलेली रक्कम पुन्हा दिली की जुनीच, हे कागदावरून कळत नाही. आणि लॉक-इन. छापील मसुदा तसाच उचलला, तर नव्या करारासोबत नवा बारा महिन्यांचा लॉक-इन शून्यापासून सुरू होतो. दोन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला तो कमी करून मागता येतो, अनेक मालक तीन महिन्यांवर येतात. न विचारता मात्र कोणी कमी करून देत नाही.

यादीत प्रत्येक नोंदीसाठी पाच रकाने पुरतात : काय करायचे, कलम व पान क्रमांक, करारातले मूळ शब्द जसेच्या तसे, करारातली मर्यादा, आणि आपण हालचाल करायची तारीख. मूळ शब्दांचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण दीड वर्षाने वाद झाला तर तोच उपयोगी पडतो. ब्रोकर किंवा मालक तोंडी जे बोलले, ते या यादीत नको, खाली वेगळे लिहा. फोनच्या कॅलेंडरमध्ये फक्त शेवटचा रकाना चढवा. प्रत्येक नोंदीला दोन सूचना लावा, एक आठवडाभर आधी आणि एक त्याच दिवशी सकाळी, आणि यजमानांच्या फोनवरही ती नोंद दिसेल असे करा. करारातली मर्यादा कॅलेंडरात टाकली, तर मर्यादेच्याच दिवशी आठवण होते आणि मग काही करता येत नाही.

तुमची यादी अशी होईल :

| हालचाल करायची तारीख | काम | करारातली मर्यादा |
|---|---|---|
| या आठवड्यात | लॉक-इनबद्दल ईमेल, घराचे फोटो, डिपॉझिटची बेरीज | – |
| १ सप्टेंबर २०२६ | बदलीची स्थिती पाहणे, निघायचे असल्यास पुढच्या डिपॉझिटची सोय | – |
| २८ सप्टेंबर २०२६ | निघायचे असल्यास नोटीस पाठवणे | ९ ऑक्टोबरला पोचलेली |
| १ नोव्हेंबर २०२६ | राहणार असाल तर बँकेतली भाड्याची रक्कम बदलणे | १० नोव्हेंबरपासून नवा दर |
| २५ ऑगस्ट २०२७ | पुढे राहण्याचे पत्र | १० सप्टेंबर २०२७ |
| १५ ऑक्टोबर २०२७ | नवा मसुदा हाती, नाहीतर नवे घर पक्के | ९ नोव्हेंबर २०२७ |
| ९ नोव्हेंबर २०२७ | निघत असाल तर ताबा, मीटरचा फोटो, किल्लीची पोच | ९ नोव्हेंबर २०२७ |
| २४ नोव्हेंबर २०२७ | डिपॉझिट आले नसल्यास दुसऱ्याच दिवशी लेखी मागणी | २४ नोव्हेंबर २०२७ |

मालकांचे ईमेलला उत्तर 'नाही' असे आले, तर २८ सप्टेंबर २०२६ ची ओळ खोडा आणि १० नोव्हेंबर २०२६ ला नोटीस हाती देणे अशी ओळ घाला. त्या दिवसांत दिवाळी आहे, तेव्हा पोस्टावर विसंबू नका. स्वतः जाऊन पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. निघण्याची तारीख मग १० डिसेंबर आणि डिपॉझिटची मर्यादा २५ डिसेंबर होईल. नोटीस दिली की २०२७ च्या सगळ्या ओळी पुसून टाका.